वेबकॅम कायम धूसर, पुढची रिंग हलत नाही. काय करू?

खानापूरची बाई · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी दहावीच्या मुलांचं गणित घेते, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, घरूनच. नऊ मुलं आहेत. त्यातली चार जांबोटीकडची, पावसाळ्यात त्यांना खानापूरला येणं होत नाही, म्हणून हा ऑनलाइनचा खटाटोप. लॅपटॉपचा कॅमेरा गेल्यावर बेळगावातून एक वेबकॅम आणला, साडेअकराशेला. खोक्यावर १०८० लिहिलंय, कंपनीचं नाव आमच्यात कुणी ऐकलेलं नाही.

पहिल्या दिवसापासून चित्र धूसर. चेहरा धूसर एकवेळ चालेल, पण मी वहीवर गणित सोडवून कॅमेऱ्यापुढे धरते तेव्हा पोरं विचारतात, बाई, वर २ आहे की ३? वर्ग की घन हेच कळत नसेल तर शिकवणार काय? लेन्सच्या भोवती खाचा असलेली एक रिंग आहे. फिरवून बघितली, अजिबात हलत नाही. घरात पक्कड आणायची भाषा सुरू झालीय, मी कशीबशी थांबवलीय. कुणाला अनुभव आहे का?

सेटिंग सम्राट · सोमवार, रात्री ९:३१

पक्कड नको ताई, हे सगळं सॉफ्टवेअरमधलं आहे. आजकाल सगळ्या वेबकॅमला ऑटोफोकस असतो. तो बिथरला की असं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोफोकस बंद करा, ड्रायव्हर काढून परत टाका. माझ्या ऑफिसच्या कॅमेऱ्याला हेच केलं, दोन मिनिटांत काम झालं.

अनगोळचे तात्या · सोमवार, रात्री १०:०५

आमचंही हेच दुखणं आहे. मुलगी पुण्याला असते, रविवारी व्हिडिओ कॉल लावते. सुरुवातीला पाच मिनिटं नातू छान दिसतो, मग एकदम चौकोन चौकोन होऊन पुसट होतो. मी चष्म्याचा नंबर तपासून आलो, डॉक्टर म्हणाले नंबर तोच आहे. तर ही रिंग माझ्या मोबाइलला कुठे असते?

वायर आणि शिडी · सोमवार, रात्री १०:४८

तात्या, तुमचं दुखणं वेगळं आहे. चौकोन दिसतात ते नेटमुळे. नेट कमी पडलं की कॉलवाले चित्र दाबून पाठवतात. दोष तुमच्या मोबाइलमध्ये नाही, मुलीच्या कॅमेऱ्यातही नाही. डोळे शाबूत आहेत, निवांत झोपा.

बाई, मी सीसीटीव्ही लावतो, बावीस वर्षं झाली. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे, पण आधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, कॉल न लावता लॅपटॉपमधलं नुसतं Camera उघडा. तिथंही धूसर आहे की फक्त क्लासमध्ये? दुसरी गोष्ट, तुम्ही बसता तिथून मागे भिंतीवर काय आहे? ते चित्रात कसं दिसतंय ते बघा. तुमच्या तोंडाकडे बघू नका, मागे बघा.

खानापूरची बाई · सोमवार, रात्री ११:१०

Camera मध्येही धूसरच. आणि मागचं बघितलं... मी तर चाटच पडले. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, साधारण अडीच मीटरवर. त्यातल्या तारखा स्वच्छ दिसतात! एकादशीची खूणसुद्धा. मी कॅमेऱ्यापुढे दोन फुटांवर बसलेली, आणि मीच धुक्यात. तीन आठवडे स्वतःचाच चेहरा बघत होते, मागे लक्षच गेलं नाही.

वायर आणि शिडी · सोमवार, रात्री ११:२४

झालं मग. कॅमेरा चांगला आहे, काच चांगली आहे, तो फक्त लांब बघायलाय. कारखान्यातच लेन्स लांबचं दिसेल अशी फिरवून ठेवलीय. आमच्या सीसीटीव्हीलाही तसंच असतं, कारण गेट बारा फुटांवर असतं. तुम्ही बसता दोन फुटांवर.

काच खराब असती तर कॅलेंडरही पुसट दिसलं असतं. डाग जवळ-लांब ओळखत नाही, तो सगळ्यावर सारखाच पसरतो. आणि काही अंतरावर स्वच्छ, काही अंतरावर धूसर असं दिसलं तर फोकस. माझ्याकडे कुणी कॅमेरा आणला की मी पेपर घेतो, एक वीत, एक हात, दोन हात असं मागे नेत बघतो. कुठेतरी अक्षरं उठून दिसली तर लेन्स फिरवायची. कुठेच उठली नाहीत तर मग पुसायची.

सेटिंग सम्राट साहेब, सगळ्याला ऑटोफोकस असतो असं नाही. ज्याला हाताने फिरवायची रिंग दिलीय त्याच्या आत सहसा मोटर नसतेच. मग सेटिंगमधून बंद काय करणार?

चिक्कोडी_हॉस्टेल · सोमवार, रात्री ११:५२

मोटर आहे की नाही हे विचारून घेता येतं काका. बाईंकडे विंडोज असेल तर OBS नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, फुकट आहे. त्यात कॅमेरा जोडला की त्याच्या Properties मध्ये Configure Video असं बटण असतं. उघडल्यावर Camera Control नावाचं पान येतं. तिथं Focus ची पट्टी हलत असेल तर मोटर आहे. ती राखाडी होऊन बसली असेल तर नाही.

मी लिनक्सवर आहे, तिथं एका ओळीत कळतं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
```

यादीत focus नावाची एकही ओळ नसेल तर संगणकाच्या हातात काही नाही, हातानेच फिरवायची.

खानापूरची बाई · मंगळवार, सकाळी ७:२०

OBS टाकलं. Focus राखाडी. म्हणजे मोटर नाही. म्हणजे रिंगच. आणि रिंग तर दगड झालीय. आता सांगा काका, पक्कड की काय?

वायर आणि शिडी · मंगळवार, सकाळी ८:०५

पक्कड घरात आहे हेच विसरा. पक्कडीने प्लास्टिकच्या खाचा जातात, आणि लेन्स तिरकी बसली की एक बाजू कायमची धूसर.

रिंग घट्ट असायची कारणं दोन-तीनच. कारखान्यात लेन्स हलू नये म्हणून आट्यांवर डिंकाचा ठिपका टाकतात, वाळल्यावर पिवळट किंवा पारदर्शक दिसतो. काही कॅमेऱ्यांत बाजूने एक बारीक स्क्रू असतो, तो लेन्स धरून ठेवतो. आधी तो सैल करायचा, नाहीतर कितीही जोर लावा. आणि जुन्या कॅमेऱ्यात नुसती धूळ बसलेली असते. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून रिंगच्या कडेने बघा, ठिपका दिसतो का.

ठिपका दिसला तर टाचणीच्या टोकाने हळूच खरवडा, टाचणी लेन्सकडे जाता कामा नये. काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावू नका, चीक राहतो. कागदाचा गोल कापून बोटाने धरा. मग केस वाळवायच्या मशीनने लांबून अर्धा मिनिट ऊब द्या. हाताला सोसेल इतकीच ऊब, प्लास्टिक मऊ पडेपर्यंत नाही. मग रिंगवर दोन पदरी रबर गुंडाळा, किंवा भांडी घासायचे रबरी मोजे घाला. बोट घसरलं नाही की कमी जोर पुरतो. एका हाताने कॅमेऱ्याचं अंग धरा, केबल नाही.

तेल घालायचं नाही. खोबरेल नको, शिवणयंत्राचं नको, बिजागरीचं नको. ते आट्यांतून आत उतरतं, मग काचेच्या मागे पसरतं आणि ते पुसायला मीसुद्धा हात घालत नाही.

सेटिंग सम्राट · मंगळवार, सकाळी ८:४०

मी आमच्या कॅमेऱ्याला थेंबभर मशीनचं तेल घातलं होतं, छान फिरायला लागली होती रिंग.

वायर आणि शिडी · मंगळवार, सकाळी ८:४४

आणि आता?

सेटिंग सम्राट · मंगळवार, सकाळी ९:१०

आता थोडं दुधाळ दिसतं. पण मी ते पावसाळ्यामुळे समजत होतो.

वडगावचा माग · मंगळवार, दुपारी १:३५

मध्येच बोलतो, माफ करा. आमचा साड्यांचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मुंबई-सांगलीचं असतं, व्हिडिओवर साडी दाखवावी लागते. आमचा कॅमेरा महाग आहे, ऑटोफोकसवाला, नावाजलेल्या कंपनीचा. तरी पदर पुढे धरला की चित्र श्वास घेतल्यासारखं करतं. पुढे जातं, मागे जातं, एक सेकंद स्वच्छ, परत धूसर. गिऱ्हाईक म्हणतं, बुट्टा दाखवा जरा, आणि नेमकं तेव्हा पळतं. रात्री दुकानात जास्त होतं, दिवसा कमी. आमची रिंग कुठे आहे?

वायर आणि शिडी · मंगळवार, दुपारी २:२०

तुम्हाला रिंग नाही, तुमच्यात मोटर आहे आणि ती गोंधळायलीय. बाईंचा आजार एक, तुमचा दुसरा. ताप दोघांनाही, म्हणून औषध एक नाही.

तो कॅमेरा अंतर मोजत नाही. तो लेन्स जराशी पुढे-मागे करून बघतो, कुठे असताना कडा जास्त ठळक दिसतात. ठळक झाल्या की थांबतो. आता तुम्ही एकरंगी रेशीम धरलंत, त्यात कडाच नाहीत. थांबायचं कुठे? वरून रात्री उजेड कमी, म्हणून चित्रात दाणे येतात, ते दाणेही हलतात. कॅमेऱ्याला वाटतं, कडा हलल्या. परत शोधाशोध. जरीची चमक हलली की तेच.

दिवसा कमी होतं हे तुम्हीच सांगितलंत, म्हणजे अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

सेटिंग सम्राट · मंगळवार, दुपारी २:५१

हे मी वाचलंय! कमी उजेडात लेन्सचं भोक मोठं होतं, मग मागे-पुढे स्वच्छ दिसायची जागा कमी होते, म्हणून फोकस सुटतो. एकदम शास्त्र आहे त्यामागे.

वायर आणि शिडी · मंगळवार, दुपारी ३:१५

ते मोठ्या कॅमेऱ्यांचं, लग्नातल्या फोटोवाल्यांचं. वेबकॅमच्या भोकाला पाकळ्या नसतात. ते जेवढं आहे तेवढंच राहतं, दिवसा आणि रात्री. उजेड कमी झाला की वेबकॅमच्या हातात दोनच गोष्टी: प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उजेड गोळा करायचा, किंवा आवाज वाढवल्यासारखं चित्र वाढवायचं. पहिल्याने हलणारं पुसट होतं, दुसऱ्याने दाणे येतात. दाणे आले की कॅमेरा ते घासून गुळगुळीत करतो, त्यात बारीक अक्षरही घासलं जातं. शास्त्र आहे हे खरं, फक्त त्या कॅमेऱ्याचं नाही.

चिक्कोडी_हॉस्टेल · मंगळवार, दुपारी ४:०२

वडगाव काका, तुम्हाला सम्राटांचा पहिला सल्ला लागू पडतो, बाईंना नाही. Camera Control मध्ये Focus समोर Auto ची टिक असते, ती काढा. मग टेबलावर खडूने रेघ मारा, पदर कायम त्या रेघेवर धरायचा. तिथं साडी ठेवून पट्टी हळूहळू सरकवा आणि विणीचे धागे दिसू लागले की थांबा. मग साडी बदलली तरी चित्र हलणार नाही. कधीकधी यूएसबी काढून लावलं की टिक परत येते, ते बघून घ्या.

लिनक्सवाल्या कुणाला हवं असेल तर:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_automatic_continuous=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_absolute=40
```

४० हा माझ्या कॅमेऱ्याचा आकडा, तुमचा वेगळा निघेल. जुन्या उबुंटूत पहिल्या ओळीतलं नाव focus_auto असं असतं. यादीत जे नाव दिसेल तेच घाला.

निपाणी नाका · मंगळवार, संध्याकाळी ५:३०

हा धागा वाचून मीही माझा कॅमेरा तपासला. आठ महिने वापरतोय. लेन्सवरचं कारखान्याचं पातळ प्लास्टिक काढलंच नव्हतं. कुणाला सांगू नका.

खानापूरची बाई · मंगळवार, रात्री १०:२६

मंडळी, गोंधळ झाला. ठिपका होता, रिंगच्या खालच्या बाजूला, मोहरीएवढा. खरवडला, ऊब दिली, रबर लावलं. फिरली! इतका आनंद झाला की हातात कॅमेरा असतानाच तिथंच मोठ्याने ओरडले. मग घरच्यांनी हौसेने कॅमेरा घेतला आणि एक अख्खा फेरा मारला. आता कॅलेंडर गेलं, मी गेले, खिडकी गेली. सगळं तुपासारखं. उलटा फिरवला तरी काही येत नाही. मोडला का?

वायर आणि शिडी · मंगळवार, रात्री १०:५०

मोडला नाही. जोराने नाही, पण फार फिरवलाय. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथंच हरतात.

अशा कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा आमच्या सीसीटीव्हीचीच लेन्स असते, बारा एमएमच्या आट्यांची. त्या आट्यांवर एक पूर्ण फेरा मारला की लेन्स अर्धा मिलीमीटर पुढे सरकते. तुम्हाला वाटेल अर्धा एमएम म्हणजे काय! पण चार एमएमची लेन्स धरली, तर लांबच्या डोंगरापासून दोन फुटांवरच्या बाईपर्यंत यायला तिला फक्त ०.०२७ एमएम पुढे यायचं असतं. केसाच्या निम्म्याहून कमी. म्हणजे फेऱ्याचा साधारण विसावा हिस्सा.

घड्याळाच्या भाषेत सांगतो. मिनिटकाटा तीन मिनिटं सरकतो तेवढीच रिंग फिरवायची. तुमचं कॅलेंडर दिसत होतं, म्हणजे ती आधीच थोडी पुढे आलेली होती. बाकी राहिली होती जेमतेम अडीच मिनिटं. घरच्यांनी साठ मिनिटं फिरवली. आणि परत फिरवताना अंदाजे फिरवली, म्हणून तीन मिनिटांची ती अरुंद जागा कधी मागे पडली कळलंच नाही.

आता असं करा. Camera उघडून लॅपटॉप पुढे ठेवा, कॅमेरा दोन पुस्तकांच्या मध्ये उभा अडकवा, म्हणजे हात फक्त रिंगला. दोन फुटांवर मोठ्या अक्षराचं काही ठेवा. कॅमेऱ्याच्या अंगावर पेनाने एक खूण, रिंगवर एक खूण. कॅमेऱ्याच्या समोर उभं राहून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर लेन्स आत जाते आणि नजर लांब जाते. उलट फिरवलं की बाहेर येते आणि नजर जवळ येते. आधी घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत जा. लेन्स फार बाहेर असेल तर सगळ्यात आधी अगदी जवळचं बोट स्वच्छ दिसेल, मग एक वीत, मग दोन फूट. तिथं थांबायचं. कॅलेंडर स्वच्छ होईपर्यंत गेलात तर पुढे गेलात, तेवढीच अडीच मिनिटं मागे या. पूर्ण आत जाऊन अडली तर जोर लावू नका, तिथून बाहेर या.

आणखी एक. थोडं फिरवा, हात काढा, एक सेकंद बघा. हात लावलेला असताना लेन्स जराशी दबते, हात काढल्यावर चित्र बदलतं.

खानापूरची बाई · बुधवार, दुपारी १२:१५

आलं! अडीच नाही, मला दोन-सव्वादोन मिनिटं लागली, खूण करून मोजली. वही धरल्यावर घातांक स्पष्ट दिसतो. वर्ग वेगळा, घन वेगळा. मी साठ सेंमीवर ठेवलंय, वही थोडी पुढे-मागे झाली तरी चालतंय. साधारण अर्ध्या मीटरपासून पाऊण मीटरपर्यंत अक्षर टिकतं, त्याच्या आत आणलं की पुसट. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

पण एक आहे. बल्बकडे कॅमेरा वळवला तर बल्बभोवती मोठं वलय दिसतं, आणि त्यातून एक तिरकी रेघ निघते. हे आधी होतं की मी रिंग फिरवताना बोट लागलं?

वायर आणि शिडी · बुधवार, दुपारी १:०८

पाय शिडीवर आहेत. बोट लागलं. तिरकी रेघ म्हणजे बोट घसरलं त्याची खूण. रेघ नेहमी घासलेल्या दिशेला आडवी जाते, म्हणजे बोट वरून खाली घसरलं तर रेघ डावी-उजवी. शिवाय स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा चिकटपणा वेगळा बसतो, त्याने रेघ येत नाही, नुसतं धुरकट वलय येतं.

आधी धूळ उडवा. कान साफ करायचा रबरी फुगा मिळतो तो दाबून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग काचेवर हलकी वाफ सोडा, हाऽऽ करून, आणि चष्म्याबरोबर मिळतं ते मऊ कापड घेऊन मधून बाहेर गोल फिरवत पुसा. एकदा पुसलं की कापडाची दुसरी जागा घ्या. चिकट गेलं नाही तर कापडावर एक थेंब आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइलवाल्याकडे मिळतं. थेंब कापडावर, काचेवर नाही. पुसताना दाबू नका, दाबलं तर आत्ता लावलेला फोकस सरकेल. आणि सॅनिटायझर नको. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते काचेवर थर धरतं. पदर तर नकोच.

खानापूरची बाई · बुधवार, दुपारी १:१४

पदर नको हे तुम्हाला कसं कळलं?

खानापूरची बाई · बुधवार, रात्री ९:०३

आजचा क्लास झाला. वलय गेलं. वही थांबवून धरली की उत्तम. पण मी लिहीत असताना हात चालतो तेव्हा पेनाचं टोक आणि बोटं विरघळल्यासारखी दिसतात. परत रिंग फिरवू का?

वायर आणि शिडी · बुधवार, रात्री ९:३०

रिंगला हात लावू नका आता. वही स्थिर असताना स्वच्छ, हललं की पुसट, म्हणजे फोकस बरोबर आहे आणि उजेड कमी आहे. खोलीत बल्ब किती आणि कुठे?

खानापूरची बाई · बुधवार, रात्री ९:३८

एकच, नऊ वॅटचा एलईडी, माझ्या मागे दाराच्या वर. आणि पाऊस असल्यामुळे खिडकी बंद. लाइट गेली की इन्व्हर्टरवर तोच.

वायर आणि शिडी · बुधवार, रात्री १०:०२

मग तुमच्या वहीवर तुमचीच सावली पडतेय. कॅमेरा बिचारा एका चित्राला सेकंदाचा पंधरावा भाग उजेड गोळा करतो. तेवढ्यात तुमचं पेन पुढे सरकलेलं असतं.

बल्बची ताकद वाढवण्याआधी त्याला पुढे आणा. आत्ता तो वहीपासून दोन मीटरवर असेल तर एक मीटरवर आणल्यावर वहीवर उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. तसाच नऊ वॅटचा बल्ब टेबललॅम्पमध्ये घालून लॅपटॉपच्या मागे ठेवा, तोंड तुमच्याकडे. डोळ्यांत जात असेल तर भिंतीकडे किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याकडे वळवा, उजेड उलटून मऊ येतो. मागचा बल्ब बंद करा, नाहीतर कॅमेरा त्याच्याकडे बघून तुम्हाला काळी करतो.

मग Camera Control मध्ये Exposure चा Auto काढून -५ च्या आसपास ठेवून बघा. ते सेकंदाचा बत्तिसावा भाग असतं, हात बऱ्यापैकी टिकतो. चित्र काळं पडलं तर लॅम्प आणखी जवळ घ्या. तिथंच Low Light Compensation ची टिक असली तर काढा. दुसऱ्या पानावर PowerLine Frequency ५० आहे का बघा. ६० असेल तर आपल्याकडच्या विजेवर पट्टे सरकतात.

वडगावचा माग · गुरुवार, सकाळी ११:२०

Auto ची टिक काढली. रेघ मारली. काल रात्री सांगलीच्या गिऱ्हाइकाला तीन साड्या दाखवल्या, एकदाही पळालं नाही. एक अडचण: गिऱ्हाईक चेहरा बघायचा म्हणालं तर मी धूसर. रेघेवर साडी, मागे मी.

चिक्कोडी_हॉस्टेल · गुरुवार, सकाळी ११:४४

मग तुम्ही पण रेघेवर या काका.

सेटिंग सम्राट · गुरुवार, दुपारी १२:३०

मी माझा दुधाळ कॅमेरा उघडू का? चार स्क्रू दिसताहेत.

वायर आणि शिडी · गुरुवार, दुपारी १२:४१

उघडून लेन्स पूर्ण काढली तर मागच्या बाजूला तेल दिसेल, ती पुसता येईल. पण लेन्सच्या मागे लहानसा चकचकीत चौकोन आहे, त्यावर तेल असेल किंवा धूळ पडली तर साध्या कापडाने ओरखडे येतात. तुमची इच्छा. माझ्या मते तो आता सरावाचा कॅमेरा आहे, नवीन बघा.

खानापूरची बाई · शुक्रवार, रात्री ९:१५

लॅम्प पुढे आणला, मागचा बंद केला, Exposure -५. आज पहिल्यांदा जांबोटीच्या मुलीने विचारलं, बाई, नवीन पेन आणलं का? पेन तेच आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात अक्षर अजून मऊ आहे, डावीकडे आणि मधे स्वच्छ. आणि सकाळी कॅमेरा लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं धुकट, मग आपोआप साफ होतं.

वायर आणि शिडी · शुक्रवार, रात्री १०:१०

उजवा कोपरा म्हणजे लेन्स आट्यांत जराशी तिरकी बसलीय. डिंक गेल्यावर आटे सैल पडले की असं होतं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टी एक वेढा घातली तर लेन्स सरळ बसते, पण त्यासाठी लेन्स काढावी लागेल आणि फोकस परत लावावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर वही डावीकडे धरली असती. फक्त रिंग आपोआप फिरू नये म्हणून नखपॉलिशचा एक बारीक ठिपका रिंगच्या कडेला, नंतर काढता येईल असा.

सकाळच्या धुक्याचं मला नक्की सांगता येणार नाही. तुमच्याकडच्या पावसात ओल काचेच्या आत धरत असेल, कॅमेरा तापला की सुटत असेल. रात्री डब्यात ठेवून बघा, बुटांच्या खोक्यातल्या त्या दाण्यांच्या पुड्या घालून.

चिक्कोडी_हॉस्टेल · शुक्रवार, रात्री १०:३३

किंवा लॅपटॉप तापल्यावर फोकस सरकत असेल? माझाही तासाभराने किंचित सरकतो.

वायर आणि शिडी · शुक्रवार, रात्री १०:४०

फोकस सरकला तर बाई धुकट झाल्या तरी अगदी जवळ धरलेलं बोट किंवा लांबच्या तारखा, दोन्हींतलं एक आधीपेक्षा ठळक होईल. बाई, उद्या सकाळी चालू केल्या केल्या बोट जवळ धरून तेही आणि कॅलेंडरही बघून सांगा.

खानापूरची बाई · शनिवार, सकाळी ८:५२

दोन्ही धुकट. आणि बल्बभोवती वलय पण होतं, तेही मिनिटागणिक लहान होत गेलं. डबा आणलाय. पुड्या दोनच सापडल्या.